टोपणनावं, शिव्या आणि मजेची हद्द: सिनिअरने ज्युनिअर्सना काय सांगावं

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या मुलांच्या हॉस्टेलमध्ये राहतो. पहिल्या वर्षाची मुलं पुढच्या आठवड्यात येतील. रेक्टर सरांनी मला त्यांच्यासमोर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय, विषय आहे टोपणनावं आणि घाण बोलणं. आमच्याकडे सगळ्यांनाच नावं पडतात. मलाही पडलं, मला काही वाटलं नाही. मग मजा कुठं संपते हे नेमकं कसं सांगू? उपदेश झाला की मुलं ऐकत नाहीत.

उत्तर:

मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणून आणि कॉलेजच्या रॅगिंग प्रतिबंध समितीवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. मजा संपली की नाही हे ठरवायला मी दोनच गोष्टी बघतो. ज्याला नाव पडलं त्याला ते उलट म्हणता येतं का, आणि त्याला ते थांबवता येतं का.

पहिली गोष्ट अशी. दोन रूममेट दिवसभर एकमेकांना काय वाटेल ते म्हणतात. एकाने ‘जाड्या’ म्हटलं की दुसरा ‘काडी’ म्हणतो, आणि दोघं मिळून जेवायला जातात. तिथं रेक्टरने पडायचं कारण नाही. पण तिसऱ्या वर्षाचा मुलगा मेसच्या रांगेत पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘ए जाड्या’ म्हणतो, तेव्हा त्या मुलाला त्याच रांगेत, तितक्याच मोठ्याने, तसंच काही परत म्हणता येईल का? म्हणता येत नसेल तर दोघं मजा करत नाहीत. एक जण करतोय आणि दुसरा ती निभावून नेतोय. शिव्यांनाही हेच लागू. मॅच हरल्यावर टीव्हीकडे बघून दिलेली शिवी आणि पाण्याची बाटली भरून आणली नाही म्हणून ज्युनिअरला आईवरून दिलेली शिवी, शब्द एकच असले तरी गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्या वेळी ज्याला शिवी बसली त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. मी हॉस्टेलमधली प्रत्येक शिवी बंद करायला निघालेलो नाही आणि तूही त्या फंदात पडू नकोस. तसं म्हणालास तर मुलं पहिल्याच मिनिटाला तुझं ऐकणं सोडतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘मला हे नाव नको’ असं त्या मुलाने एकदा साध्या आवाजात सांगितलं तर ते बंद होतं का? की सांगितल्यामुळे ते दुप्पट वापरलं जातं, वर ‘सेंटी’ असं आणखी एक नाव चिकटतं? बहुतेक हॉस्टेलांमध्ये नकार दिला की त्याची शिक्षा मिळते. हे मुलांना पहिल्या दोन दिवसांत कळतं, आणि म्हणून ती हसतात. चौकशीला बसल्यावर मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘सर, तो स्वतः पण हसायचा.’ ते खोटं नसतं. तो खरंच हसत असतो, कारण हसण्यात त्याला सगळ्यांत कमी त्रास होतो. हसण्यावरून त्याची परवानगी धरायची नाही, एवढी एक गोष्ट तुझ्या भाषणातून पोरांच्या डोक्यात बसली तरी पुष्कळ झालं.

तुला तुझ्या नावाचं काही वाटलं नाही, हे मी मान्य करतो. पण ते वाक्य भाषणात घेऊ नकोस. समोरच्या मुलाला त्यातून इतकंच ऐकू येतं की याने चालवून घेतलं, मलाही चालवून घ्यावं लागणार. शिवाय तुझं नाव कशावरून पडलं होतं ते स्वतःशी एकदा आठवून बघ. क्रिकेटमध्ये तीनदा शून्यावर बाद झालास म्हणून, किंवा सबमिशनच्या दिवशी फाइल रिक्षात विसरलास म्हणून पडलं असेल तर ते तू केलेल्या गोष्टीवरून आलं. उद्या शतक मारलंस की गळून पडेल. जे नाव रंगावरून, उंचीवरून, बोलण्याच्या लहेजावरून, गावावरून, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून पडतं ते कशानेच गळत नाही, कारण त्या मुलाला त्यात बदलण्यासारखं काही नसतंच. सावळ्या मुलाला ‘डांबर’ म्हटलं तर त्याने काय करायचं? नाजूक आवाजाच्या मुलाला ‘बायल्या’ म्हटलं तर आवाज कुठून बदलून आणायचा?

आपल्याकडच्या हॉस्टेलांत ही नावं ठरलेल्या जागांवरून येतात. विदर्भ-मराठवाड्यातून पुण्यामुंबईत आलेल्या मुलांची बोली, गावाकडचे कपडे, हिंदी पट्ट्यातून आलेल्यांना सरसकट ‘भैय्या’, ईशान्येकडच्या मुलांना ‘चिंकी’ किंवा ‘मोमो’. हे शेवटचं कुणाला किरकोळ वाटत असेल तर २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये काय झालं ते सांग. निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून दुकानात शेरे मारले गेले, त्यावरून मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. ईशान्येकडच्या लोकांना देशभर काय सहन करावं लागतं हे बघायला केंद्र सरकारने त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात शेऱ्यांपासूनच झाली होती.

जातीबद्दल मुलं थेट बोलत नाहीत, वळसा घेतात. ‘रँक किती?’, ‘कुठल्या राउंडला लागला?’, ‘फी किती भरली?’ आणि उत्तर मिळालं की ‘सरकारी जावई’. ज्याला विचारलं त्याला प्रश्नाचा रोख लगेच कळतो. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी भेदभावविरोधी सूचना काढल्या, त्यांत जेईईची रँक किंवा गेटचे गुण असं जात उघड करू शकणारं काही दुसऱ्या विद्यार्थ्याला विचारणं अयोग्य आहे असं स्पष्ट लिहिलं. तुमच्या इंट्रोत नाव, गाव आणि शाखा यांच्यानंतर रँक विचारायची पद्धत असेल तर ती या वर्षी बंद करा. भाषणाआधी करता येण्यासारखं हे एक काम आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण नाव पडताना कुणाच्या लक्षात येत नाही ते त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं. कॉलेज आणि मुलगा ओळखू येतील असं काही सांगत नाही.

यवतमाळकडच्या एका गावातला मुलगा, वडील कापसाचे शेतकरी. हॉस्टेलला आल्याच्या दुसऱ्या रात्री इंट्रो झाला. कुणीतरी विचारलं, ‘काय रे, भूक लागली का?’ तो म्हणाला, ‘मले नाही लागली.’ सगळे हसले, तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव ‘मले’.

पहिला आठवडा ते नाव त्या मजल्यापुरतं होतं. मग मजल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने काही लिहिलं की खाली कुणीतरी ‘मले’ लिहायचं, बाकीचे हसण्याची चिन्हं टाकायचे. तिसऱ्या आठवड्यात ते वर्गात गेलं, आणि ते नेणारे सिनिअर नव्हते. त्याच्याच बॅचची मुलं होती. ही गोष्ट तू नीट लक्षात ठेव. नाव सिनिअर देतात, पण ते चारही दिशांना पोहोचवतात बॅचमेट. कारण जो दुसऱ्याला त्या नावाने हाक मारतो त्याच्याकडे त्या दिवसापुरतं कुणाचं लक्ष जात नाही. प्रॅक्टिकलला हजेरी घेताना त्याचं आडनाव आलं की मागून ‘मले हजर’ असा आवाज यायचा. शिक्षकही हसले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि मुलाने शिक्षकांना हसताना पाहिलं.

त्यानंतरच्या खुणा एकेक करून बघितल्या तर क्षुल्लक वाटतात. मेस दहाला बंद व्हायची, तो पावणेदहाला जायला लागला, गर्दी उठून गेल्यावर. वर्गात शंका विचारायचा बंद झाला. ओरलला ज्या प्रश्नांची उत्तरं येत होती तिथंही ‘हो सर’, ‘नाही सर’ एवढंच. जास्त शब्द म्हणजे जास्त वऱ्हाडी, असा त्याचा साधा हिशोब होता. आणि सगळ्यांत शेवटी कळलेली खूण म्हणजे आईचा फोन आला की तो गच्चीवर जायचा. खोलीत आईशी घरच्या बोलीत बोलायची त्याला सोय उरली नव्हती. दिवाळीला घरी गेला तो सुट्टी संपून आठ दिवस झाले तरी आला नाही. वडिलांचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं.

चौकशीत मजल्यावरच्या प्रत्येकाने मघाचंच वाक्य सांगितलं, ‘तो स्वतः पण हसायचा.’ कुणी त्याला हात लावला नव्हता, कुणी पैसे मागितले नव्हते, कुणी रात्रभर उभं केलं नव्हतं. ज्याने पहिल्यांदा ते नाव उच्चारलं त्या मुलाला तर खरंच धक्का बसला. त्याच्या लेखी तो एक विनोद होता आणि त्याच रात्री संपलाही होता.

मुलाचं म्हणणं एकच होतं, की माझ्यासाठी सभा घेऊ नका. ते बरोबर होतं. सभेत ‘याला मले म्हणू नका’ असं सांगितलं असतं तर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही नाव कळलं असतं. म्हणून नाव घालवायचं काम त्या पहिल्या सिनिअरवर आणि मजल्यावरच्या आणखी दोघांवर सोपवलं. काम साधं होतं. मेसमध्ये त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची, इतरांना ऐकू जाईल अशी, आणि शेजारी बसवून घ्यायचं. दुसऱ्या कुणी ‘मले’ म्हटलं तर भाषण द्यायचं नाही, ‘कोण?’ एवढंच विचारायचं, आणि तो खरं नाव घेईपर्यंत थांबायचं. प्रॅक्टिकलच्या शिक्षकांशी मी स्वतः बोललो. मजल्यावरून ते नाव जायला महिनाभर लागला, वर्गातून जायला सत्र संपावं लागलं. मुलगा शिकला, पास झाला. पण पहिल्या सत्रात गेलेले दोन विषय त्याला पुन्हा द्यावे लागले, आणि ते त्याला येत नव्हते म्हणून गेले नव्हते.

तुझ्या दहा मिनिटांसाठी यातून काय घ्यायचं? आधी एक तयारी. ज्युनिअर्ससमोर जाण्यापूर्वी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एका रात्री बसव. ती बैठक झाली नाही तर तुझं भाषण त्याच रात्री खोटं पडेल. तू खाली ‘नाव नाकारा’ म्हणशील आणि वरच्या मजल्यावर नाकारणाऱ्याची खबर घेतली जाईल. तिथं त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घे, की कुणी ‘नको’ म्हणालं तर त्या नावावर आणि त्या मुलावर पुन्हा बोलायचं नाही. ‘नावंच ठेवायची नाहीत’ असं वचन मागू नकोस, कुणी पाळणार नाही. ‘सर’ म्हणायची आणि मान खाली घालून उभं राहायची सक्ती असेल तर ती तिथंच संपव. ‘दादा’ म्हणू देत, नावाने हाक मारली तरी मारू देत.

भाषण सभागृहात माइकवर नको. जेवण झाल्यावर मेसमध्येच, सगळे बसलेले, तूही बसलेला. रेक्टर सरांना सांग की त्यांनी दोन शब्द बोलून निघून जावं. आणि मागे भिंतीला टेकून सिनिअर उभे नकोत. ते असले तर एकही मुलगा प्रश्न विचारणार नाही.

मी तुझ्या जागी असतो तर साधारण असं बोललो असतो. वाक्यं तुझ्या तोंडची कर.

‘मी शेवटच्या वर्षाला आहे. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगत आहे, नंबर फळ्यावर लिहिलाय, फोनसुद्धा. आधी इंट्रोबद्दल. इथं तुम्हाला नाव, गाव आणि शाखा विचारतील. रँक कुणी विचारणार नाही. विचारली तर सांगायची गरज नाही. ती विचारायची नाही हे आम्ही सिनिअर्सनी आपसांत ठरवलंय.

‘येत्या पंधरा दिवसांत तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नावं पडतील. काही तुम्हाला आवडतील. हॉस्टेल सोडून दहा वर्षं झालेले लोक भेटायला येतात तेव्हा एकमेकांना त्याच नावांनी हाका मारतात. ज्याला नाव आवडलंय त्याने ते खुशाल मिरवावं. पण जे नाव ऐकल्यावर तुम्हाला मेसमध्ये यायला नको वाटेल, आईचा फोन खोलीत घ्यायला नको वाटेल, ते नाव तुम्ही ठेवून घ्यायचं नाही. ते किती छोटं आहे, कुणी दिलंय, आपणच पहिल्यांदा हसलो होतो का, यातलं काही बघायचं नाही. पहिल्या दिवशी हसलात म्हणून दहाव्या दिवशी नको म्हणायचा हक्क जात नाही.

‘नको कसं म्हणायचं तेही सांगतो. चिडून नाही आणि हसतही नाही. हसत म्हटलेलं नको कुणाला ऐकू येत नाही. “दादा, मला हे नाव नको, मला नावाने हाक मारा.” एवढंच, एकदाच. भांडायचं नाही, कारण सांगायचं नाही. काळा आहे म्हणून वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. तुमच्या रंगावर चर्चा करायला तुम्ही इथं आलेला नाहीत. एकट्याला बोलायची हिंमत झाली नाही तर रूममेटला घेऊन जा. तरीही थांबलं नाही तर माझ्याकडे या. रात्री दोनलाही चालेल. मी त्या माणसाशी बोलेन, आणि तुम्ही आला होतात हे त्याला सांगणार नाही.

‘आता तुमच्याबद्दल. तुमच्या बॅचमध्ये एखाद्याला नाव पडेल आणि ते ऐकून तुम्हाला हसू येईल. हसू येणं तुमच्या हातात नाही, मान्य. पण ते नाव वर्गात न्यायचं की नाही, ग्रुपवर टाकायचं की नाही, हे तुमच्याच हातात आहे. सिनिअर वर्गात येत नाहीत. तिथं ते गेलं तर तुम्हीच नेलंत. रूममेट उशिरा जेवायला लागला, ग्रुपवर गप्प झाला, दर शनिवारी घरी पळायला लागला, तर अभ्यासाचं टेन्शन असेल असं म्हणून सोडून देऊ नका. विचारा.

‘शिव्यांबद्दल एवढंच. ज्याला उलट शिवी देता येत नाही त्याला देऊ नका. यात मेसमध्ये पोळ्या वाढणारे काका आले, झाडायला येणाऱ्या मावशी आल्या, गेटवरचे वॉचमन आले. त्यांना टोपणनावं ठेवायची नाहीत. आणि पुढच्या वर्षी तुम्ही सिनिअर व्हाल तेव्हा येणारी मुलंही त्यात आली. आईबहिणीवरून आणि जातीवरून, अपंगत्वावरून, कुणाच्या चालण्याबोलण्यावरून मुळीच नाही. दोस्तीतही नाही, कारण शेजारच्या खाटेवर बसलेल्याच्या घरचं काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं.’

इथपर्यंत सात-आठ मिनिटं होतील. कायदा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. सुरुवातीलाच शिक्षेची भाषा आली की मुलं घाबरतात आणि सिनिअर शब्द बदलतात, रॅगिंगला ‘इंट्रो’ आणि शिवीला ‘प्रेम’ म्हणू लागतात. पण सांगायचं नक्की, कारण बहुतेकांना वाटतं की अंगाला हात लावला तरच रॅगिंग. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधाचा कायदा १९९९ चा आहे. विद्यार्थ्याला मानसिक इजा, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं त्याच्या व्याख्येत येतं, आणि त्यात चिडवणं, शिवीगाळ आणि थट्टामस्करी यांचा उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढलं जातं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. त्यांत २०१६ साली भर घालून रंग, जात, धर्म, लिंग, दिसणं, प्रांत, भाषा, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक स्थिती यांवरून कुणाला त्रास देणं किंवा वाळीत टाकणं हेही रॅगिंग ठरवलं गेलं. वर मी सांगितलेली नावं त्या यादीशेजारी ठेवून बघ, एकही सुटत नाही. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो. मेस किंवा कॉरिडॉर म्हणजे चारचौघंच.

याला जोडून सिनिअर्सच्या बैठकीत एक नियम वाचून दाखव. त्रास देणारे ओळखता आले नाहीत तर आयोगाचे नियम सामूहिक शिक्षेची तरतूद करतात. ‘कुणी म्हटलं माहीत नाही’ असं म्हणून सगळा मजला सुटत नाही.

कायद्याला त्याची मर्यादाही आहे. तो तक्रारीनंतर चालू होतो, आणि नावाने पोळलेला मुलगा सहसा तक्रार करत नाही. पहिल्या महिन्यात जे थांबवायचं ते सिनिअर्सच थांबवू शकतात. पण एखाद्याला तक्रार करायचीच असेल तर त्याला अडवू नकोस, ‘आपसांत मिटवू’ असं म्हणून बसवूही नकोस. लेखी अर्ज प्राचार्यांच्या नावे करायचा. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, यांपैकी कुणीही करू शकतं. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर ज्याच्यावर आरोप आहे त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते, आणि प्राचार्यांनी टाळाटाळ केली तर त्यांनी गुन्ह्याला साथ दिली असंच धरलं जातं. कॉलेजात सांगायची भीती वाटत असेल तर देशभरासाठी चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२, आणि मेलसाठी helpline@antiragging.in. हे दोन्ही फळ्यावर लिहून ठेव आणि भाषण संपल्यावर पुसू नकोस.

अर्ज कसा लिहायचा हेही मुलांना सांगायला हवं, कारण बहुतेक अर्ज ‘मला मानसिक त्रास दिला जातो’ एवढ्यावर संपतात, आणि त्यावर समितीला काही करता येत नाही. कोणता शब्द वापरला तो जसाच्या तसा लिहायचा, लाज वाटली तरी. कधी, कुठं, कोण होतं, आपण ‘नको’ कधी म्हणालो आणि त्यानंतर काय झालं. ग्रुपवरचे मेसेज पुसायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवायचे, तारीख दिसेल असे. ‘नको’ म्हटल्यानंतर पुढे काय झालं, ही ओळ समितीसमोर सगळ्यांत जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यापुढे ‘तो पण हसायचा’ हे म्हणणं टिकत नाही.

भाषणानंतर तुझं काम पंधरा दिवस चालू राहील. रोज रात्री मेस बंद व्हायच्या सुमारास एक चक्कर टाक आणि उशिरा, एकटं जेवणारी मुलं कोण ते बघ. त्यांच्याशेजारी बस, पण ‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं थेट विचारू नकोस. उत्तर ‘नाही दादा’ असंच येईल. ‘तुला इथं काय म्हणून हाक मारतात?’ असं विचार. सांगताना तो अडखळला किंवा खाली बघून हसला, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिघं-चौघं त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला लागा. मुलींच्या हॉस्टेलमध्ये याच कामासाठी तुझ्या वर्गातल्या दोघी-तिघींशी बोल. तिथं नावं बहुतेक शरीरावरून आणि कुठल्या मुलाबरोबर दिसली यावरून पडतात, आणि ती मुलांच्या ग्रुपवरून आत पोहोचतात. तो रस्ता तुमच्या बाजूने बंद करणं तुमच्याच हातात आहे.